चुकीच्या रकान्यातला माणूस

सबिहा अत्तार मॅडमच्या रागाची ख्याती भोरच्या एसटी स्टँडपर्यंत पोचलेली होती. कॉलेजात नवीन आलेल्या पोराला वरच्या वर्गातली पोरं पहिल्या आठवड्यातच बजावून ठेवत, की बाबा रे, प्रिन्सिपलला एक वेळ उलट बोल, पण अत्तार मॅडमच्या लॅबमध्ये आकडा ढापू नकोस. ढापलास तर जर्नल खिडकीतून बाहेर जातं आणि खाली भाताच्या खाचरात चिखल असतो. ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. हिर्डोशीच्या हनुमंतचं जर्नल खरंच एकदा खाचरात गेलं होतं आणि त्याने ते घरी चुलीपुढे वाळवून, पानं फुगलेली, तशीच परत आणून दिलं होतं.

कॉलेज म्हणजे उत्रोलीच्या पुढं रस्त्याकडेला बांधलेलं एक खासगी पॉलिटेक्निक. दोन मजले, पुढं झेंड्याचा कट्टा, मागं पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये सळई ओढायचं मोठं मशीन होतं आणि ते मशीन सबिहा मॅडमच्या ताब्यात होतं. प्रयोग तसा साधा. लोखंडाच्या सळईचा लेथवर कातून घेतलेला तुकडा वरच्या नि खालच्या जबड्यात पकडायचा, तेलाच्या दाबाने तो तुटेस्तोवर ओढायचा, आणि तुटण्याआधी जास्तीत जास्त किती जोर लागला ते तबकडीवर वाचायचं. तबकडीवर दोन काटे. काळा काटा जोराबरोबर पुढं जातो, लाल काट्याला ढकलत नेतो, आणि सळई बारीक व्हायला लागली की काळा मागं फिरतो, लाल तिथंच थांबतो. लाल काट्याचा आकडा तुकड्याच्या क्षेत्रफळाने भागला की धातूची ताकद निघते. मग रिपोर्ट लिहायचा.

मॅडमच्या आधी जे सर होते त्यांच्या काळात या प्रयोगाचा निकाल दरवर्षी एकच यायचा. पुस्तकातला. पाच तुकडे ओढले तरी पाची जर्नलांत चारशे पंधरा, चारशे सोळा, चारशे पंधरा. मुलं मशीन चालू व्हायच्या आधीच आकडे भरून मोकळी होत. सबिहा मॅडम आल्या आणि त्यांनी हा धंदा बंद केला. जो आकडा दिसेल तोच लिहायचा, आणि आकडे एकमेकांपासून लांब पडले तर ते का पडले यावर पानभर लिहायचं, असा त्यांचा दंडक. तेव्हापासून जर्नलांत कुणाचे तीनशे अठ्ठ्याण्णव, कुणाचे चारशे एकोणनव्वद असे आकडे दिसायला लागले, आणि मॅडमना वाटलं की लॅब आता कुठं खरं बोलायला लागली.

हा खरेपणाचा हट्ट त्यांच्यात लहानपणीच शिरला होता. भोरमध्ये त्यांच्या अब्बांचं, रफीक अत्तारांचं, वेल्डिंगचं दुकान. एकदा एका माणसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हूक तुटला नि तो भर बाजारात अब्बांच्या अंगावर धावून आला, की तू जोड कच्चा मारलास. सबिहा तेव्हा सातवीत. तिने हूक उचलून बघितला. जोड जसाच्या तसा होता, हूक त्याच्यापासून चांगला दोन बोटं लांब तुटला होता. ती ओरडून सांगत होती, पण कुणी हूककडे बघेना, सगळे अब्बांकडे बघत होते. आणि अब्बा म्हणाले, "चुकलं मालक, फुकट मारून देतो." त्या दिवशी ती जेवली नाही. अम्मीला वाटलं ताप आलाय. तिला ताप नव्हता, तिला अब्बांचा राग आला होता, आणि तो पुढं इंजिनियरिंगला पुण्यात जाईपर्यंत आणि तिथून डिग्री घेऊन परत येईपर्यंत तिच्या बरोबरच राहिला.

तर २००४ सालची गोष्ट. बोर्डाची तपासणी समिती कॉलेजला येऊन गेली होती आणि त्यांनी शेऱ्यात एक ओळ लिहिली होती: ताण चाचणीच्या निकालांत तफावत जास्त, कारण नमूद करावे, पुढील भेटीत पाहण्यात येईल. शेरा चांगला होता. मॅडमना तर आनंदच झाला, कुणीतरी आकडे वाचले म्हणून. पण हा कागद आधी पोचला संस्थेच्या सचिवसाहेबांकडे. ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि आयुष्यभर ज्या कागदावर 'कारण नमूद करावे' असं लिहून आलं त्याचा अर्थ त्यांनी एकच घेतला होता: माणूस दाखवा.

साहेबांनी सगळी जर्नलं ऑफिसात मागवून घेतली. आकडे त्यांनी वाचलेच नाहीत. त्यांनी शोधलं 'चुका' या नावाचं पान. रिपोर्टात ते पान असतंच. एरर ॲनालिसिस, म्हणजे आपल्या मापनात किती कमी-जास्त होऊ शकतं त्याचा हिशेब. पण पोरं सगळी मराठी माध्यमातली. एरर म्हणजे चूक, आणि चूक म्हटली की कुणाची तरी असणार, एवढं त्यांना शाळेपासून पक्कं माहीत. आपली म्हणून लिहायची तर मार्क जातील. मशीनची म्हणावं तर मशीन मॅडमचं. म्हणून वर्षानुवर्षं वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडं एक वाक्य उतरत आलं होतं आणि ते प्रत्येक जर्नलात सापडत होतं: ह्यूमन एरर बाय ऑपरेटर. मानवी चूक, मशीन चालवणाऱ्याची.

मशीन चालवणारा एकच होता. मानसिंग.

मानसिंग वेल्ह्याकडचा, तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीतला. पन्नाशीला आलेला, बुटका, बारीक. पुण्यात एका फोर्जिंगच्या कारखान्यात तो हातोड्यावर होता, कारखाना बंद पडला तसा भोरला खोली घेऊन या लॅबमध्ये लागला. शनिवारी दुपारी नसरापूरमार्गे दोन एसट्या बदलून घरी जायचा, सोमवारी सकाळी शेडचं कुलूप तोच उघडायचा. पोरं त्याला मामा म्हणत. मामाची एकच खोड होती. कुठंही काही पडलं, फुटलं, सांडलं, की तो हात जोडायच्या तयारीत उभा. पोराच्या हातून ऑइलचा डबा लवंडला तरी मामाच म्हणणार, "म्याच वाटंत ठिवला हुता."

साहेबांनी सबिहा मॅडमना बोलावून घेतलं. टेबलावर जर्नलं उघडी, आणि प्रत्येकात त्या वाक्याखाली लाल रेघ.

"मॅडम, हे बघा. एका पोराने लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं. सगळी पोरं एकच सांगतायत. ऑपरेटरची चूक. एवढा पुरावा कोर्टातसुद्धा नसतो."

"साहेब, ते नकलून काढलेलं वाक्य आहे."

"नकललेलं?" साहेबांनी एक जर्नल त्यांच्याकडं फिरवलं. "खाली 'तपासले' म्हणून सही कुणाची आहे?"

सही सबिहा अत्तारचीच होती. मॅडमची कानशिलं गरम झाली. ज्या बाईने एक आकडा इकडचा तिकडं केल्यावर जर्नल खाचरात फेकलं तिने हे वाक्य मात्र, रस्त्यावरचा दगड ओलांडावा तसं, दर वर्षी ओलांडलं होतं. त्यात माणूस आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी एक तारखेपासून दुसरा माणूस बघतोय," साहेब म्हणाले. "समितीला उत्तर जाईल, चूक सापडली, चुकणारा काढला."

"आणि तफावत मानसिंगमुळे नसली तर? सळयांमुळे असली तर?"

साहेबांचा चेहरा बदलला. सळयांची गोष्ट नाजूक होती. शेडच्या कोपऱ्यात जो तुकड्यांचा ढीग होता तो संस्थेच्या एका विश्वस्तांनी भेट दिलेला होता. त्यांच्या बांधकामांवरून उरलेले, वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या कारखान्यांचे तुकडे, आणि भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी. मॅडमनी दोनदा लिहून मागितलं होतं, की प्रयोगाला एका खेपेची, अखंड सळई द्या. दोन्ही वेळा उत्तर आलं होतं, की भेट आलेली असताना नवीन कशाला.

"त्यांचं नाव यात आणू नका," साहेब म्हणाले. "लोखंड ते लोखंड. त्यात काय फरक असतो?"

मॅडम तिथंच भडकल्या असत्या. पण त्यांना तेवढ्यात कळलं की भडकून मानसिंग वाचणार नाही. "मला आठवडा द्या," त्या म्हणाल्या. "समितीला उत्तर म्हणून पूर्ण रिपोर्ट देते. त्यात चूक कुणाची निघाली तर तुम्ही म्हणाल ते करा." साहेबांनाही रिपोर्ट हवाच होता. जाडजूड कागद गेला की समितीवर छाप पडते.

बाहेर येताना त्यांचे दात दातांवर घट्ट बसले होते. शेडमध्ये मानसिंग कॉटन वेस्टच्या सुती बोळ्याने जबडे पुसत होता. त्यांनी त्याला सगळं सांगितलं.

तो पुसायचा थांबला. मग म्हणाला, "आसंल मॅडम माझी चूक. व्हॉल्व्ह हातानंच उघडतो न्हाई का? कमी-जास्त हुत आसंल."

"किती कमी-जास्त?"

"आता ते कसं सांगू?"

"मग आसंल कसं म्हणता?" मॅडम ओरडल्या. "न मोजता कबूल काय करता, मानसिंगदादा? पोरं करतात तेच करताय!"

"म्या सायबास्नी भेटून येतो. हात जोडले की मोठी मानसं समजून घेत्यात."

"जायचं नाही. मी सांगेपर्यंत ऑफिसची पायरी चढायची नाही." हे त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या, की बाहेर उभी असलेली पोरं आपलंच काहीतरी झालं असं समजून पांगली.

दुसऱ्या दिवशी त्या भावाच्या, फैजानच्या, दुकानातून एक अखंड सळई घेऊन आल्या. अब्बांमागे दुकान आता तोच बघत होता. "आपा, कॉलेजला लोखंडसुद्धा आपण द्यायचं का?" असं तो कुरकुरला, तर त्यालाही दोन शब्द ऐकावे लागले. वर्कशॉपमध्ये त्या एका सळईचे तुकडे कातून घेतले, आणि ढिगातले वेगवेगळे तुकडे पण त्याच मापात, दहा मिलिमीटर व्यासाचे. मग तिसऱ्या वर्षाची बॅच शेडमध्ये उभी केली.

"ऐका," मॅडम म्हणाल्या. "सळई तीच ठेवायची आणि माणूस बदलायचा. एका सळईचे सहा तुकडे. तीन मानसिंगदादा ओढतील, तीन हनुमंत ओढेल. माणसामुळं फरक पडत असेल तर इथं दिसेल. मग ढिगातले पाच, ते सगळे दादाच ओढतील. माणूस तोच, सळया निराळ्या. आणि आज कुणी एक आकडा जरी गोड करून लिहिला तर त्याची टर्म मी स्वतः अडवेन."

मशीन घरघरलं. तुकडा ताणताना प्रथम काटा सरळ चढतो, मग एका जागी घुटमळतो, सळईने हार मानल्यासारखा, मग पुन्हा चढतो. शेवटी सळई मधोमध गळ्यासारखी बारीक होते आणि फटाका फुटावा तसा आवाज होऊन तुटते. प्रत्येक आवाजाला पोरांच्या माना झटक्याने मागं जात होत्या. मानसिंगचे तीन: चारशे एकतीस, चारशे चौतीस, चारशे अठ्ठावीस. हनुमंत आयुष्यात पहिल्यांदा व्हॉल्व्ह फिरवत होता, त्याच्या कपाळावर घाम. त्याचे: चारशे तेहतीस, चारशे एकोणतीस, चारशे एकतीस. सरासरी दोघांची एकच आली.

मग ढीग. तीनशे अठ्ठ्याण्णव. चारशे एकतीस. चारशे बावन्न. चारशे एकोणनव्वद. चारशे पाच.

रिपोर्ट लिहायला हनुमंत बसला, त्याचं अक्षर चांगलं म्हणून. कच्चं लिखाण त्याने मॅडमपुढं ठेवलं. ढिगाच्या तक्त्यात चारच आकडे.

"एकोणनव्वदचा कुठं गेला?"

"मॅडम, तो लई लांब पडत हुता. वाईट दिसतो. काढला की तफावत बरीच कमी हुती."

मॅडम खुर्चीवरून उठल्या. "वाईट दिसतो? अरे, तोच तर बोलतोय! तो काढलास तर उरलं काय? आकडा काढायचा असेल तर त्याचं कारण लिहून काढायचं. वाईट दिसतो हे कारण आहे का? उद्या मानसिंग वाईट दिसतो म्हणून त्याला काढतील, तेव्हा तू काय म्हणशील?"

हनुमंतचं तोंड उतरलं. त्याने हळूच विचारलं, "मग ह्यो दुसरा? ह्यो जबड्यापाशी तुटला, खुणांच्या बाहेर."

हा प्रश्न बरोबर होता आणि मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "त्याची लांबी किती वाढली ते धरायचं नाही, कारण ती आपण तुकड्यावर आधी मारलेल्या दोन खुणांच्या आत मोजतो. तिथं कारण आहे, ते लिही आणि काढ. जास्तीत जास्त जोर मात्र त्याचाही खराच, तो ठेव."

मग त्यांनी स्वतः खडू घेतला आणि फळ्यावर हिशेब मांडला. तबकडी वाचताना डोळा एक दशांश किलोन्यूटनाने इकडं-तिकडं होऊ शकतो. तुकडा तुटायला साधारण चौतीस किलोन्यूटन लागतात, त्यात ते शेकडा शून्य पूर्णांक तीन. व्यास मोजताना दोन शतांश मिलिमीटर, म्हणजे शेकडा शून्य पूर्णांक दोन, पण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग असतो म्हणून ते दुप्पट, शून्य पूर्णांक चार. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, त्याचं वर्गमूळ: शून्य पूर्णांक पाच. मापनातून एवढाच फरक यायला हवा. आणि एका सळईच्या सहा तुकड्यांत आला किती? शेकडा अर्धाच. बरोबर तेवढाच. त्यात मानसिंगची जागाच उरत नाही. आणि ढिगात? शेकडा साडेआठ.

"मॅडम, मशीनच खोटं दाखवत आसंल तर?" कुणीतरी मागून विचारलं.

"खोटं दाखवत असेल तर सगळ्यांना सारखंच खोटं दाखवेल. सरासरी वर-खाली जाईल, आकडे असे उधळणार नाहीत. वेगाने ओढलं तरी थोडा फरक पडतो, पण तो इथं सहात दिसला असता." फळ्यावरच्या साडेआठला त्यांनी इतक्या जोरात गोल केला की खडू मोडला. "हे लोखंडातच आहे. पाच तुकडे नाहीत हे, पाच निराळी लोखंडं आहेत. यांची सरासरी काढणंसुद्धा मूर्खपणा आहे."

रिपोर्ट तयार झाला. 'चुका' हा मथळा मॅडमनी खोडला आणि वर 'मापनातली अनिश्चितता' असं लिहायला लावलं. त्या पानावर कुणाही माणसाचं नाव नव्हतं. सचिवसाहेबांनी तो चष्मा लावून, उभ्यानंच चाळला. शेवटच्या पानापर्यंत गेले, परत मागे आले.

"यात चूक कुणाची ते कुठंय?"

"कुणाचीच नाही. सळया एका जातीच्या नाहीत. तेच कारण."

"मॅडम, समितीला मी असं सांगू? की आमच्या विश्वस्तांनी दिलेलं लोखंड वाईट?"

"वाईट नाही. निराळं-निराळं. लिहिलंय तसं."

"तुमची हुशारी कागदावर आहे," साहेब म्हणाले. "मशीन कागदावर चालत नाही. हात त्याचाच आहे."

आता मात्र मॅडमचा पारा सुटला. आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. "मग हात तुमचा लावा! चला शेडमध्ये. तुम्ही ओढा. बघू तुमच्या हाताने काय येतं ते." प्रिन्सिपलच्या केबिनचं दार उघडलं गेलं, क्लार्क बाहेर डोकावला. एवढ्या लोकांपुढं साहेबांना नको म्हणता येईना. ते हसले आणि चालायला लागले.

शेडमध्ये बॅच उभीच होती. मानसिंग साहेबांना बघून भिंतीला टेकला. मॅडमनी स्वतः तुकडा लावला, सहा ओढून उरलेला, फैजानच्या सळईचा. व्हॉल्व्ह कुठला, किती फिरवायचा ते साहेबांना दाखवलं. साहेबांनी शर्टाची बाही वर केली. काटा चढला, घुटमळला, चढला, फटाका झाला नि साहेब दोन पावलं मागं सरकले. पोरांनी हसू गिळलं. हनुमंतने लाल काटा वाचला, भागाकार केला. "चारशे बत्तीस."

"बघा, जमतंय की," साहेब म्हणाले.

"आता हे दोन." मॅडमनी ढिगातले दोन तुकडे काढले. साहेबांनी ओढले. पहिल्याचे आले चारशे दोन. दुसऱ्याचे चारशे शहाऐंशी.

हनुमंतने दोन्ही आकडे वहीत उतरवले. मशीनची घरघर चालूच होती.

"साहेब," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता ओरडण्यापेक्षाही वाईट, शांत झाला होता, "चारशे दोन आणि चारशे शहाऐंशी. ऑपरेटर तुम्ही. रिपोर्टात काय लिहू? ह्यूमन एरर?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, हात पुसले, पुन्हा पुसले. तोंड उघडणार एवढ्यात भिंतीकडून मानसिंग पुढं आला. त्याचे हात जोडलेले होते.

"साहेब, चूक माझीच हाय. म्या जबडे नीट पुसलं नव्हतं. पोटात घ्या. पुन्हा व्हणार न्हाई."

मॅडमना एक क्षणभर समजलंच नाही त्याने काय केलं ते. साहेबांना मात्र लगेच समजलं. त्यांचे खांदे सैल पडले. "बघा, माणूस मोठ्या मनाचा आहे," ते म्हणाले. "कबूल करतोय म्हटल्यावर आम्ही काय राक्षस आहोत? राहू दे त्याला. मॅडम, एक ओळ घाला, ऑपरेटरला समज दिली म्हणून. मिटलं."

"एक अक्षर घालणार नाही!" मॅडमनी रिपोर्ट छातीशी धरला होता. "जबडे पुसले नव्हते तर तुमचा पहिला तुकडा बरोबर कसा आला? आत्ता सगळ्यांसमोर तुम्हीच ओढलेत, साहेब. ही ओळ घातली तर या बॅचमधलं प्रत्येक पोर समितीला सांगेल ऑपरेटर कोण होतं."

हनुमंत मान खाली घालून उभा होता, पण मान डोलवत होता. साहेबांनी बॅचकडं बघितलं, मग ढिगाकडं, मग पाटीकडं. शेवटी रिपोर्ट ओढून घेतला आणि शेवटच्या पानावर, होत्या त्याच मजकुराखाली, सही ठोकली. "लोखंड निराळं-निराळं," ते पुटपुटले. "ठीक आहे. तसं जाऊ दे." आणि बाही खाली करत निघून गेले.

मानसिंगची नोकरी राहिली. पोरं टाळ्या वाजवायच्या बेतात होती, पण मॅडमच्या तोंडाकडं बघून गप्प बसली. मॅडम मानसिंगपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"का म्हणालात तसं? जबडे तुम्ही पुसले होते. मी बघितलंय."

"साहेब वशाळले हुते मॅडम. बरं दिसंना."

"त्यांचं सोडा. आता म्हणा. या पोरांसमोर म्हणा, माझी चूक नव्हती."

मानसिंग घोटाळला. त्याने कॉटन वेस्ट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "मॅडम म्हणत्यात, तर न्हाई."

"मी म्हणते म्हणून नाही, दादा! सहा तुकडे म्हणतात, सळई म्हणते, हिशेब म्हणतो. तुम्ही म्हणा!" त्यांचा आवाज चिरकला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते रागाचं होतं.

मानसिंगचं लक्ष मात्र त्यांच्यावरून उडालं होतं. साहेब व्हॉल्व्ह उघडाच टाकून गेले होते, पंप चालू होता आणि मशीनचं टेबल हळूहळू वर सरकत होतं. तो धावला, व्हॉल्व्ह बंद केला, तेल परत सोडलं, पंपाचं बटण दाबलं. घरघर थांबली. मग तो वळला आणि सबिहा मॅडमपुढं त्याने हात जोडले.

"साहेब गेलं तवाच बगायला पायजे हुतं," तो म्हणाला. "चुकलं माझं."